सांगावा आणि पत्र

भोसरीतल्या एका मशीनिंगच्या वर्कशॉपचं ऑफिस मी पंधरा वर्षं सांभाळलं. ऑफिस म्हणजे काचेचं एक केबिन, दोन कॉम्प्युटर, फायलींचं कपाट आणि सतत वाजणारा फोन. एका गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास प्लेटिंगवाल्याचा फोन आला. टाकी बंद पडली होती आणि आमचे ४०० बुश तिथेच अडकले होते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १४ जूनला, एका पंप बनवणाऱ्या कारखान्याला १,२०० बुश पोहोचवायचे होते. ८०० तयार होऊन बॉक्समध्ये भरलेले होते. ते पाठवून देणं हातात होतं. उरलेल्यांचं काय, हे ग्राहकाला कळवायचं होतं.

त्या संध्याकाळी मी एकाच माणसाला दोनदा लिहिलं. कारखान्याच्या खरेदी विभागातले सर माझ्या ओळखीचे, आठ वर्षांचा व्यवहार. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं:

«सर, नमस्कार. उद्याच्या १,२०० बुशपैकी ८०० सकाळीच निघतात. ४०० प्लेटिंगला अडकलेत, मंगळवारी नक्की देते. तुमची लाईन थांबणार असेल तर आत्ताच सांगा, काहीतरी मार्ग काढू. सविस्तर मेल टाकतेय.»

आणि वीस मिनिटांनी मेल गेला:

«विषय : पर्चेस ऑर्डर क्र. ४५१७ – ८०० बुश १४ जूनला, उरलेले ४०० बुश १८ जूनला

महोदय, सप्रेम नमस्कार.

वरील ऑर्डरप्रमाणे १,२०० बुश शुक्रवार, १४ जून रोजी आपल्या स्टोअरला पोहोचवायचे होते. त्यांपैकी ८०० नग त्या दिवशी सकाळी पाठवत आहोत. प्लेटिंग करणाऱ्या आमच्या पुरवठादाराकडची टाकी बंद पडल्यामुळे उरलेले ४०० नग तयार होऊ शकले नाहीत. ते मंगळवार, १८ जून रोजी दुपारी दोनपर्यंत पोहोचतील.

माल दोन भागांत घेण्यास हरकत असल्यास उद्या सकाळी नऊपर्यंत कळवावे, म्हणजे गाडी थांबवता येईल. विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.»

हे पुस्तक या दोन मजकुरांमधल्या फरकाचं आहे. लहान उद्योगांच्या ऑफिसात बसणाऱ्या मुलामुलींसाठी ते लिहिलं आहे. त्यातल्या बहुतेकांना कुणीतरी एकदा सांगितलेलं असतं की चॅट अनौपचारिक असतं आणि मेल औपचारिक. हे खोटं नाही, पण यातून पुढचं काहीच कळत नाही. औपचारिक म्हणजे काय करायचं? मग ती मुलं मेलमध्ये ‘आपणांस कळविण्यात येते की’ घालतात, चॅटमध्ये अंगठा दाखवतात आणि काम झालं असं समजतात. माझ्या मते फरक पोशाखाचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. चॅट ज्याला लिहिलं तोच वाचतो, आणि आत्ता वाचतो. मेल मात्र ज्याच्या नावाने लिहिला त्याच्याखेरीज दुसराही कुणीतरी वाचणार असतो. तो अकाउंट्समधला असेल, प्लान्ट हेड असेल, वर्षभराने येणारा ऑडिटर असेल, किंवा सरांनी नोकरी बदलल्यावर त्यांच्या खुर्चीत बसणारी नवी मुलगी असेल. त्या दुसऱ्या वाचकाला आपण ओळखत नाही आणि तोही आपल्याला ओळखत नाही.

आपल्याकडे ही विभागणी जुनी आहे. गावाकडून कुणी येणार असेल तर त्याच्या तोंडी सांगावा धाडायचा आणि महत्त्वाचं काही असेल तर पत्र लिहायचं. सांगावा ज्याच्या कानावर पडला त्याच्यापुरता. पत्र घरात चार जण वाचत आणि मग ते तारेला टोचून ठेवलं जाई. ईमेलची घडणही अशी टोचून ठेवायच्या कागदावरूनच आली आहे. ‘प्रति’, ‘प्रेषक’, ‘विषय’ हे रकाने टाइपरायटरच्या काळातल्या ऑफिसच्या टिपणांतले आहेत, आणि ‘सीसी’ ही दोन अक्षरं तर कार्बन कॉपीची आहेत, कार्बन पेपर कधी न पाहिलेली पिढीही रोज ती वापरते. म्हणजे दुसऱ्या वाचकाची जागा ईमेलच्या चौकटीतच कोरलेली आहे. व्हॉट्सअ‍ॅप २००९ साली आलं ते एसएमएसच्या वाटेने, मित्रमंडळींच्या बोलण्यासाठी. त्यात विषयाचा रकाना नाही, कारण समोरासमोर बोलताना आपण विषय जाहीर करत नाही.

आता वरचे दोन मजकूर पुन्हा बघा. चॅटमध्ये ‘मंगळवारी देते’ आहे, मेलमध्ये ‘मंगळवार, १८ जून रोजी दुपारी दोनपर्यंत पोहोचतील’. चॅटमध्ये तारीख नसली तरी सरांना कळलं, कारण ते वाचत होते तेव्हा गुरुवारच होता. तोच निरोप तीन महिन्यांनी कुणी स्क्रीनशॉट काढून दाखवला तर कुठला मंगळवार? आणि मंगळवार तरी बरा. मराठीत ‘परवा’ नावाचा एक शब्द आहे, जो मागेही जातो आणि पुढेही. ‘परवाचा माल’ म्हणजे येऊन गेलेला की येणार असलेला, हे त्या दिवशी त्या दोघांनाच कळतं. बोलण्यात त्याने कधी अडत नाही. मेलमध्ये ‘परवा’, ‘उद्या’, ‘पुढच्या आठवड्यात’ आणि ‘लवकरात लवकर’ या शब्दांना मी बंदी घातली होती. माझ्याच मेलात वर एक ‘उद्या’ राहून गेला आहे. मुद्दाम तसाच ठेवला आहे. सवय किती चिवट असते ते दिसावं म्हणून.

दुसरा फरक कर्त्याचा. चॅटमध्ये ‘मी’ आहे, मेलमध्ये ‘आम्ही’. ‘मंगळवारी नक्की देते’ या क्रियापदात मी स्वतः उभी आहे. सर मला ओळखतात, माझा शब्द म्हणून ते वाट पाहतील. मेल मात्र फर्मचा असतो. त्यातलं वचन मी रजेवर गेले तरी फर्मने पाळायचं असतं. नवी मुलं इथे उलट करतात. चॅटवर ‘आमच्याकडून आपणांस कळविण्यात येते’ आणि मेलमध्ये ‘मी बघते सर, होऊन जाईल’. ‘होऊन जाईल’ हे मराठीचं खास बोलणं आहे. त्यात धीर आहे, पण करणारा कुणीच नाही. तोंडी बोलताना त्या धीराची किंमत असते, समोरच्याला हुश्श वाटतं. तेच मेलमध्ये प्लान्ट हेडने वाचलं की तो विचारतो, कोण करणार आणि कधी?

या कर्त्याच्या बाबतीत मराठीत एक सापळा आहे आणि त्यात मी एकदा पुरती सापडले होते. ‘आपण’ हे आदरार्थी ‘तुम्ही’ आहे आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ असंही आहे. ‘आपण पाठवाल’ आणि ‘आपण पाठवू’ यांत क्रियापद सांगतं की कोण पाठवणार. भूतकाळात मात्र सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून देतं. मी एका ग्राहकाला मेलमध्ये लिहिलं, ‘नव्या ड्रॉइंगचा दर आपण ठरवला होता.’ माझ्या मनात होतं, आपण दोघांनी बसून ठरवला. त्यांच्या नव्या मॅनेजरने वाचलं, दर तुम्ही ठरवलात. त्याला वाटलं, ही बाई आमच्याच माणसावर ढकलतेय. हेच वाक्य मी जुन्या साहेबांना चॅटवर लिहिलं असतं तर काही झालं नसतं, कारण ते त्या बैठकीला होते. मॅनेजर नव्हता. तेव्हापासून मेलमध्ये ‘आपण’ भूतकाळात वापरायचा नाही, ‘दि. ३ मार्चच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी ठरला’ असं लिहायचं, हा नियम मी स्वतःला घालून घेतला.

क्रियापदाचं आणखी एक रूप आहे, ज्याच्यावर मराठी पत्रव्यवहार गेली कित्येक दशकं उभा आहे. ‘कळवावे’, ‘पाठवावे’, ‘सहकार्य करावे’. या ‘-वे’मध्ये आज्ञा नाही, कारण ती कुणा एका माणसाला उद्देशून नाही. ‘कळवा’ म्हटलं की बोट समोरच्याकडे जातं, ‘कळवावे’ म्हटलं की ते जातं टेबलाकडे. म्हणून मेलमध्ये ते सभ्य वाटतं. वाचणारा कोणीही असला तरी त्याला अपमान वाटत नाही. पण हेच चॅटमध्ये टाकून पाहा. ‘सर, उद्यापर्यंत कळवावे.’ आठ वर्षांच्या ओळखीच्या माणसाला हे वाचून वाटेल, हिचं काहीतरी बिनसलंय. चॅटमधली विनंती ‘सांगाल का?’, ‘जरा बघता का?’, ‘आज जमेल ना?’ अशी असते. सगळी नम्रता त्या ‘जरा’मध्ये आणि ‘ना’मध्ये असते. ‘कृपया’चंही तसंच. मेलमध्ये तो दिसतही नाही इतका मुरलेला असतो. मराठी चॅटमध्ये मात्र तो लिफ्टमधल्या पाटीसारखा वाटतो.

हे सगळं मराठीपुरतं आहे असं कुणी म्हणेल, कारण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मेल बहुधा इंग्रजीत जातात आणि चॅट मराठीत, नाहीतर मराठी-हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत. खरं आहे. पण त्यामुळेच धोका वाढतो. मनात मराठी वाक्य असतं, हात इंग्रजी टाइप करतो, आणि ‘जरा बघा ना’मधला ‘ना’ वाटेत गळून पडतो. उरतो कोरा हुकूम. या पुस्तकात दोन्ही बाजूंचे नमुने मराठीतच दिले आहेत, कारण आधी आपल्या भाषेत सूर कानाला कळला पाहिजे.

आता त्या ४०० बुशच्या मेलमधली एक गोष्ट, जी चॅटमध्ये नाही. मेलमध्ये कारण आहे, आणि ते एका वाक्यात आहे. चॅटमध्ये ‘अडकलेत’ पुरलं. सरांना प्लेटिंगवाले कसे असतात ते ठाऊक आहे. दुसऱ्या वाचकाला ते माहीत नाही, म्हणून त्याला कारण द्यावं लागतं. पण किती? नवखा माणूस इथे पाच ओळी लिहितो. टाकी कशी बंद पडली, आम्ही कितीदा फोन केले, मालक कसा उचलत नव्हता. ही चॅटची भाषा आहे, गाऱ्हाण्याची, आणि तोंडी बोलताना ती जवळीक वाढवते. मेलमध्ये ती सबबीसारखी वाचली जाते. दुसऱ्या टोकाला काही जण घाबरून ‘काही तांत्रिक कारणास्तव’ लिहितात. ते सबबीहून वाईट, कारण त्यातून लपवाछपवी दिसते. खरं कारण, एकदा, एका वाक्यात. माफीही तशीच. चॅटवर ‘सॉरी सर, खरंच आमचंच चुकलं’ शोभतं. मेलमध्ये ‘विलंबाबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ इतकंच लिहावं, आणि तेही शेवटी, तारीख सांगून झाल्यावर. बऱ्याच ऑर्डरींच्या अटींत उशिराच्या दर आठवड्याला बिलातून काही टक्के कापण्याचं कलम असतं. त्या कलमाचा हिशेब करणारा माणूस तुमच्या माफीचा आवाज ऐकत नाही, तो तारखा बघतो. तारखा खऱ्या असल्या पाहिजेत, बाकी ओलावा त्याला नको असतो.

त्या दिवशी सरांनी चॅटवर लगेच उत्तर दिलं, ‘ठीक आहे, पण मंगळवार चुकवू नका. आणि ५० जास्तीचे जमतील का?’ मी अंगठा दाखवला. इथे माझी चूक झाली आणि ती सांगण्यासारखी आहे. मंगळवारी आम्ही ४५० बुश पाठवले. त्यांच्या स्टोअरने गाडी गेटवरच थांबवली. ऑर्डर १,२०० ची, ८०० आलेले, उरलेले ४००. मग हे ५० कशाचे? मोठ्या कारखान्यांत बिल पास होण्याआधी तीन कागद जुळवून बघतात. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची स्टोअरची नोंद आणि आपलं बिल. या तिघांत ५० चा फरक पडला की सगळं बिल अडकतं, फक्त ५० चं नाही. सर त्या दिवशी टूरवर होते. माझ्याकडे पुरावा होता एका अंगठ्याचा, तोही माझाच. चार तास गाडी उभी राहिली, आणि ५० बुश परत आले.

अंगठ्याला वजन नसतं असं मात्र समजू नका. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने मार्च २०२१ मध्ये एका शेतकऱ्याच्या फर्मला जवसाच्या सौद्याच्या कराराचा फोटो फोनवर पाठवला आणि खात्री करायला सांगितलं. उत्तरात अंगठा आला. नोव्हेंबरमध्ये माल आलाच नाही, कारण दरम्यान भाव चढले होते. शेतकऱ्याचं म्हणणं होतं, अंगठा म्हणजे ‘मिळालं’, ‘मान्य’ नव्हे. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो अंगठा मान्यताच ठरवला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. न्यायाधीशांना पटलं ते चिन्हापेक्षा त्या दोघांच्या आधीच्या सवयीमुळे. याच पक्षांचे आधीचे सौदे फोनवरच्या दोन-तीन अक्षरी होकारांवर झाले होते आणि माल बिनतक्रार पोहोचला होता. म्हणजे चॅटचा अर्थ आपली जुनी चॅट ठरवतात. मेलच्या बाबतीत असं सहसा होत नाही, कारण त्यात जे म्हणायचं ते म्हटलेलं असतं.

५० बुशच्या गोंधळानंतर मी जे करायला लागले ते असं. चॅटवर होकार दिला की त्याच तासात दोन ओळींचा मेल. ‘आज दुपारी चॅटवर ठरल्याप्रमाणे ५० नग वाढवून एकूण संख्या १,२५० होईल. दर तोच राहील. सुधारित ऑर्डर आल्यावर माल पाठवू.’ यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. त्याचा सूर थंड आहे, पण तो त्या मेलातच शोभतो. चॅटवर मी हेच लिहीत असे, ‘सर, सुधारित ऑर्डर तेवढी काढून द्या, नाहीतर तुमचा स्टोअरवाला मला गेटवर उभं करेल.’ सर हसायचे आणि ऑर्डर काढायचे. माझी मागणी तीच होती. विनोद मात्र मी मेलमध्ये कधी टाकला नाही. दुसरा वाचक बहुतेक वेळा स्टोअरवाल्याचा साहेब निघतो.

पैशाच्या मागणीवर या पुस्तकात सगळ्यांत जास्त पानं आहेत, कारण सूर सगळ्यांत जास्त तिथेच बिघडतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ चा जो कायदा आहे, त्याच्या १५ व्या कलमानुसार लेखी करारात काहीही मुदत असली तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, आणि मुदतीचा करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे घड्याळ चालू होतं माल पोहोचल्याच्या दिवशी. मात्र ग्राहकाने १५ दिवसांच्या आत मालाबद्दल लेखी हरकत घेतली, तर ते हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून चालतं. हा ‘लेखी’ शब्द लक्षात ठेवा. ग्राहकाचा चॅटवर आलेला ‘दहा-बारा पीस ढिले वाटतायत’ हा निरोप गप्पा आहे की हरकत? वाद नंतर होतो, आणि तेव्हा दोन्ही बाजू आपल्याला हवं ते वाचतात. म्हणून अशा निरोपाला चॅटवर लगेच आणि प्रेमाने उत्तर द्यावं, ‘सर, पीस बाजूला ठेवा, उद्या माणूस पाठवते’, आणि मेलमध्ये मात्र किती नग, कुठली बॅच, कुणी मोजले, काय ठरलं, हे तारखेसह लिहावं.

पैसे मागताना चॅटचा आवाज कसा असावा? मी पाहिलेला सगळ्यांत चांगला नमुना आमच्या मालकांचा होता. ते कधीच ‘पेमेंट कधी?’ विचारत नसत. ते लिहीत, ‘सर, मार्चचं बिल तुमच्याकडे कुठे अडकलंय ते कळेल का? कागद कमी असेल तर पाठवतो.’ यात आरोप नाही. अडकलंय, आणि अडकण्याचं कारण आपलाही एखादा कागद असू शकतो, अशी जागा समोरच्याला ठेवलेली आहे. खरेदीतल्या माणसाच्या हातात पैसे नसतातच, अकाउंट्स त्याच्या हाताखाली नसतं. तो फार तर चौकशी करू शकतो. चॅट त्याला चौकशीचं निमित्त देतं. मेल मात्र अकाउंट्सने वाचायचा असतो, म्हणून त्यात बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, माल पोहोचल्याची तारीख आणि मुदत कधी संपली, एवढंच. ‘वारंवार विनंती करूनही’ हे शब्द मी काढून टाकायला लावते. ते वाचून अकाउंट्सवाल्याचं बिल शोधणं लवकर होत नाही. फक्त खरेदीतले सर त्यांच्या साहेबांसमोर उघडे पडतात, आणि तेच आपले एकमेव मित्र असतात.

या दोन आवाजांमध्ये एक पूल लागतो आणि तो आपल्याकडे लोकांनी आपोआप शोधून काढला आहे. कडक मेल पाठवण्याआधी चॅटवर जाणारा निरोप: ‘सर, आत्ता एक मेल येईल, रेकॉर्डसाठी टाकलाय. मनावर घेऊ नका.’ पुस्तकी शिकवण देणारे याला हसतील. मला हा आपल्या व्यवहारातला अतिशय शहाणा भाग वाटतो. दोन वाचक आहेत आणि दोघांना वेगवेगळं सांगायचं आहे, हे त्या एका ओळीत मान्य केलेलं असतं. फक्त एक जपायचं. त्या ओळीत ‘मेलमधलं खरं नाही’ असं काही येता कामा नये. ‘मेलकडे लक्ष देऊ नका, व्याजाचं असंच लिहिलंय’ असं एकाने लिहिलं होतं. पुढे ती ओळ समोरच्यांनी व्यवस्थित जपून ठेवलेली निघाली.

जपून ठेवण्यावरून एक सावधगिरी. चॅट टिकतं असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बराच काळ दोन्हीकडून पुसता येतो. कुणी आपोआप नाहीशा होणाऱ्या निरोपांची सोय चालू ठेवली असेल तर २४ तासांत, सात दिवसांत किंवा ९० दिवसांत सगळं जातं. त्याहून नेहमीची अडचण साधी आहे. ग्राहकाचा खरेदी अधिकारी नोकरी सोडतो आणि त्याचा फोन त्याच्याबरोबर जातो. आठ वर्षांची समजूत, सवलती, ‘या वेळी चालवून घ्या’ची देवाणघेवाण, सगळं त्या फोनमध्ये. मेल मागे कंपनीत राहतो. नवा माणूस मेल उघडतो आणि त्याला वाटतं, यांचा व्यवहार इतकाच. म्हणून चॅटवर मिळालेल्या सवलतीचा मेल करायचा असतो, तो अविश्वासापोटी नव्हे.

शांततेलाही सूर असतो, आणि दोन्हीकडे वेगळा. मेलला दोन दिवस उत्तर नाही, यात काहीच नाही. चॅटवर दोन निळ्या खुणा पडून चार तास उत्तर नाही, की आपल्या पोटात गोळा येतो. मग मुलं तिसरा निरोप टाकतात, प्रश्नचिन्ह टाकतात, फोन करतात. ग्राहकाने मीटिंगमध्ये असताना वाचलेलं असतं, एवढंच. तातडीचं असेल तर फोन करा. तातडीचं नसेल तर मेल करा. चॅट त्यांच्या मधलं आहे. आणि रात्री साडेदहाला सुचलेलं बिलाचं काम चॅटवर टाकू नका. मेल रात्री पाठवला तर सकाळी वाचला जातो, चॅट मात्र रात्रीच वाजतं, आणि जेवणाच्या ताटावर आलेल्या निरोपाला कितीही ‘जरा’ लावला तरी तो उद्धटच. नुसतं ‘नमस्कार सर’ लिहून वाट बघत बसणं हेही तसंच. दारात उभं राहून आत काय काम आहे ते न सांगण्यासारखं.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. उघडल्यावर डाव्या पानावर चॅट आहे आणि उजव्या पानावर त्याच ग्राहकाला त्याच गोष्टीचा मेल. दरवाढ, रिजेक्शन, ड्रॉइंगमधला बदल, आगाऊ रक्कम, सुट्टीतली डिलिव्हरी असे बहुतेक प्रसंग त्यात आले आहेत. खरी नावं, क्रमांक, कंपन्या सगळं काढून टाकलं आहे. काही नमुन्यांत मी माझ्याच जुन्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत आणि समासात खूण केली आहे. कायदेशीर व्याजाच्या अंतिम नोटिशीसमोर डावं पान कोरं आहे. ती चॅटवर पाठवायची गोष्ट नाही, आणि तिच्या आधीच्या दोन पानांवरचं सगळं करून झालेलं असल्याशिवाय उजवं पानही वापरू नये.

एके ठिकाणी उजवं पान कोरं आहे. ग्राहकाच्या घरी कुणी गेल्याचं कळतं तेव्हाचं ते पान. डावीकडे फक्त एवढंच आहे: «सर, आत्ताच कळलं. फार वाईट वाटलं. इकडच्या कामाचं काही मनात ठेवू नका, मी तुमच्या ऑफिसशी बोलून घेते.» त्या आठवड्यात त्यांच्याकडे आमची दोन बिलं बाकी होती.